ऑनलाइन चर्चा आणि सार्वजनिक अवकाशाच्या अटी

सार्वजनिक अवकाशाची संकल्पना जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून रूढ झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लंडनच्या कॉफीगृहांत, पॅरिसच्या सालोंमध्ये आणि जर्मन चर्चामंडळांत खासगी व्यक्ती एकत्र येऊन सामाईक प्रश्नांवर वाद घालू लागल्या आणि त्या वादातून राज्यसत्तेला जाब विचारणारे लोकमत घडले, अशी त्यांची मांडणी आहे. तिच्यातून चार अटी निघतात. चर्चा तत्त्वतः सर्वांना खुली असावी. बोलणाऱ्याचा दर्जा बाजूला ठेवला जावा. मताला कारण द्यावे आणि ते कारण तपासले जावे. शेवटची अट अशी की, ही चर्चा राज्यसत्ता आणि बाजार या दोहोंच्या ताब्याबाहेर असावी. ऑनलाइन चर्चा या अटींना उतरते का, हा प्रश्न प्रत्येक अटीपुढे स्वतंत्रपणे ठेवला तरच त्याला उत्तर मिळते. सरसकट विचारलेल्या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा उत्तर देणाऱ्याच्या आशेचे किंवा निराशेचे असते.

या तपासणीसाठी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. तेथे १९९४ साली स्टीव्हन क्लिफ्ट यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी ‘मिनेसोटा ई-डेमोक्रसी’ हा उपक्रम सुरू केला. निवडणुकीची माहिती आणि उमेदवारांमधील वादसंवाद ऑनलाइन आणणे हा त्याचा आरंभीचा हेतू होता. निवडणूक संपल्यावरही राज्याच्या राजकारणावरची चर्चा ई-मेलद्वारे चालू राहिली. २००१ साली लिंकन डाल्बर्ग या अभ्यासकाने हाबरमास यांच्या विचारातून सहा निकष काढले आणि ते लावून या चर्चेची तपासणी प्रसिद्ध केली. तिचे महत्त्व असे की, तंत्रज्ञान सर्वत्र सारखेच असूनही येथील चर्चा इतर बऱ्याच ऑनलाइन चर्चांहून वेगळी का झाली, याचे कारण तीत सापडते. ते कारण म्हणजे नियम.

मुख्य नियम मोजके होते. एका व्यक्तीने दिवसाला दोनच संदेश पाठवायचे, संदेशाखाली खरे नाव लिहायचे, विषय मिनेसोटाच्या सार्वजनिक प्रश्नांपुरता ठेवायचा आणि व्यक्तिगत हल्ले टाळायचे. नियम पाळले जातात की नाही हे पाहण्यासाठी एक व्यवस्थापक असे. यांपैकी दोन संदेशांच्या मर्यादेचा परिणाम सविस्तर पाहण्याजोगा आहे. मर्यादा नसेल तेव्हा एखाद्या विधानावर दोघे-तिघे लागोपाठ झटपट उत्तरे देतात, तासाभरात वाद त्यांच्यातल्या खडाजंगीवर येतो आणि बाकीचे वाचणे सोडतात. दिवसाला दोनच संदेश हाती असले की त्यांतला एक निव्वळ टोमण्यावर खर्च करणे परवडत नाही. लिहिणारा दिवसभरातले आक्षेप एकत्र वाचतो, त्यांतले महत्त्वाचे निवडतो आणि एकाच संदेशात त्यांना उत्तर देतो. कारणे देणे आणि दुसऱ्याची कारणे ऐकून घेणे या अटीला अशा रीतीने एका साध्या नियमाचा आधार मिळतो. शिवाय सर्वांना सारखाच वाटा मिळत असल्याने थोड्या बोलक्या माणसांनी जागा व्यापण्यालाही आळा बसतो.

तिसरी अट पुरी होते आहे की नाही, हे संदेशांच्या संख्येवरून ठरत नाही. उत्तर देणाऱ्याने आधीच्या संदेशातील कारणाला हात घातला आहे की फक्त आपले मत पुन्हा सांगितले आहे, हे पाहावे लागते. आक्षेपानंतर कोणी आपले विधान दुरुस्त केले का किंवा त्याची व्याप्ती कमी केली का, हेही पाहावे लागते. डाल्बर्ग यांना मिनेसोटात कारणांची देवघेव बरीच आढळली. आपल्या भूमिकेकडे परतून पाहण्याची वृत्ती मात्र सिद्ध करणे कठीण होते, कारण मत बदललेला माणूस ते जाहीर करतोच असे नाही.

खरी अडचण पहिल्या दोन अटींपाशी येते. नियम सर्वांना सारखे असूनही या चर्चेत शिकलेल्या, राजकारणात आधीच सक्रिय असलेल्या गोऱ्या पुरुषांचे वर्चस्व राहिले. तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी १९९० साली हाबरमास यांच्यावर घेतलेला आक्षेप येथे लागू पडतो. दर्जा बाजूला ठेवल्याचे मानल्याने विषमता नाहीशी होत नाही. कोणती भाषा शिष्ट, कोणता स्वर समंजस आणि कोणता प्रश्न सामाईक हे वर्चस्व असलेला गटच ठरवत राहतो. म्हणून दडपलेले समूह आपले वेगळे, प्रतिस्पर्धी अवकाश उभारतात आणि लोकशाहीला त्यांची गरज असते, असे फ्रेझर मांडतात. महाराष्ट्राला हा मुद्दा नवा नाही. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुले यांनी ते पत्राने नाकारले. जे सर्वांचे मानवी हक्क मान्य करत नाहीत त्यांच्या सभेत बसून शूद्रातिशूद्रांचे हित साधणार नाही, असा त्या पत्राचा रोख होता. दार उघडे होते, निमंत्रणही होते. पण आत समान अटींवर बोलता येणार नव्हते. समावेशाची अट तपासताना म्हणूनच केवळ प्रवेशाचा नियम पाहून भागत नाही. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे ते बोलतात का आणि बोलले तर त्यांना उत्तर मिळते का, हे पाहावे लागते.

नियमांची किंमतही याच ठिकाणी दिसते. खऱ्या नावामुळे बोलणारा जबाबदारीने बोलतो. पण नाव उघड झाल्यास नोकरी, घर किंवा जीव धोक्यात येणारा माणूस गप्प राहतो. भारतात आडनावावरून जात ओळखली जाते, त्यामुळे नाव सांगताच दर्जा पुन्हा चर्चेत येतो. जबाबदारी वाढवणारा नियम समतेची अट कमकुवत करू शकतो. दोन्ही एकाच नियमाने साधत नाहीत. कोणत्या प्रश्नावर कोणत्या बाजूला झुकते माप द्यायचे, हे चर्चा चालवणाऱ्यांनी उघडपणे ठरवावे लागते.

मोठ्या व्यापारी व्यासपीठांवर चित्र जवळजवळ उलटे आहे. तेथे अनेक थरांतील कोट्यवधी लोक येतात, म्हणजे समावेश मिनेसोटापेक्षा कितीतरी मोठा असतो. मात्र कोणता संदेश वर दिसेल हे सहभागी ठरवत नाहीत. ते जाहिरातीवर चालणारी कंपनी ठरवते आणि लोकांना अधिक काळ गुंतवून ठेवेल असा मजकूर वर आणण्यात तिचा फायदा असतो. राग आणि धक्का यांनी लोक लवकर गुंततात. कारणांची शांत तपासणी मागे पडते. येथे चौथी अट मोडते आणि तिच्यापाठोपाठ तिसरी डळमळते. वृत्तपत्रे नफ्याचा उद्योग झाल्यावर वाद घालणारे नागरिक ग्राहक बनले, असे हाबरमास यांनी १९६२ मध्येच दाखवले होते. २०२२ साली या विषयाकडे परतताना त्यांनी नवा भेद नोंदवला. छपाईने प्रत्येकाला संभाव्य वाचक केले, तर डिजिटल माध्यमाने प्रत्येकाला संभाव्य लेखक केले. पण संपादकाची चाळणी आणि जबाबदारी मात्र या व्यासपीठांनी स्वीकारली नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, ऑनलाइन चर्चा आपोआप सार्वजनिक अवकाश होत नाही आणि तसे होणे तिला अशक्यही नाही. लहान, नियमबद्ध, नफ्याबाहेरची चर्चा कारणांची देवघेव आणि स्वायत्तता सांभाळते, पण समावेशात तोकडी पडते. विशाल व्यापारी व्यासपीठ लोकांना आणते, पण स्वायत्तता गमावते. पहिल्या प्रकारातील उणीव वगळलेल्या समूहांना प्रत्यक्ष बोलावून आणि त्यांचे स्वतंत्र अवकाश मान्य करून काही अंशी भरून काढता येते. दुसऱ्या प्रकारातील उणीव मालकी आणि मांडणीच्या नियमांतच असल्याने सहभागींच्या सद्वर्तनाने ती भरून निघत नाही; त्यासाठी ते नियमच सार्वजनिक तपासणीखाली आणावे लागतात.