रात्रीच्या दुधाची तयारी संध्याकाळीच

आजचं बोलणं निम्मं, ज्या घरात बाळ आहे त्या घरातल्या बाबालोकांसाठीच आहे.

आमच्या बचत गटातली एक ताई दवाखान्यात मदतनीस आहे. बाळ सहा महिन्यांचं झालं आणि ती परत कामावर जाऊ लागली. आठवड्यातून दोन रात्री तिची ड्यूटी असते. संध्याकाळी साडेसातला बाळाला अंगावर पाजून ती निघते, सकाळी साडेआठला घरी येते. मधल्या रात्रीसाठी आपलं दूध हाताने काढून फ्रिजमध्ये ठेवते. घरी बाळाचे बाबा आणि आजी.

पहिल्याच रात्री काय झालं ते बाळाच्या बाबांनी मला नंतर सांगितलं. दीडला बाळ रडलं. डबीत दूध होतं १२० मिलिलिटर, म्हणजे पाऊण पेल्याच्या आसपास. आजींनी पडल्या पडल्या सांगितलं, "उकळून दे रे." त्यांनी पातेल्यात पाणी ठेवलं, पाण्यात डबी ठेवली, गॅस लावला आणि ओट्याला टेकून उभे राहिले. उभ्या उभ्या डोळा लागला. जाग आली तेव्हा पाणी खदखदत होतं आणि दूध हात लावू देत नव्हतं. मग बाळ रडतंय आणि हे वाटीत फुंकर मारतायत, असा अर्धा तास गेला. बाळाने अर्धं दूध घेतलं आणि झोपलं. उरलेलं त्यांनी झाकून फडताळावर ठेवलं. पाचला बाळ पुन्हा उठलं, तेव्हा तेच दूध दिलं. दुसऱ्या दिवशी बाळाला जुलाब लागले. ओआरएस देऊन दोन दिवसांत बरं झालं. डॉक्टर म्हणाले, दुधामुळेच झालं असं नक्की सांगता येत नाही, पण उष्टं दूध पुन्हा द्यायचं नाही.

ते मला म्हणाले, "ताई, फेकवेना हो. ती तासभर बसून काढते ते मी बघतो. आणि पाच वाजता मला वाटलं, आत्ताच तर ठेवलंय."

हे "आत्ताच तर ठेवलंय" फार महत्त्वाचं आहे. झोपेत माणसाला साडेतीन तास पाच मिनिटांसारखे वाटतात. नियम असा आहे की बाळाचं तोंड लागलेलं दूध पिणं संपल्यापासून दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. बाळाची लाळ दुधात मिसळलेली असते, दूध कोमट असतं, आणि कोमट दुधात जंतू भराभर वाढतात. पण रात्री दोन तास मोजणार कोण? म्हणून आम्ही त्यांच्या घरासाठी सोपा नियम केला. रात्री तोंड लागलेलं दूध लगेच बाजूला काढायचं, दुसऱ्या वेळेला ते नाहीच. मोजायचं काही शिल्लकच ठेवायचं नाही.

पण फेकवत नाही, त्याचं काय? त्याचा उपाय दूध काढतानाच करायचा. एकाच डबीत १२० मिलिलिटर ठेवायचं नाही. आता ती ताई ६० मिलिलिटरच्या दोन आणि ३० च्या दोन डब्या भरते. बाळ उठलं की आधी ६० ची काढायची. तेवढ्याने भागलं नाही तरच ३० ची. वाया गेलं तर दोन-चार चमचे जातं, अर्धी वाटी नाही.

डब्या स्टीलच्या, काचेच्या किंवा अन्न ठेवण्याच्या चांगल्या प्लास्टिकच्या चालतात. झाकण घट्ट हवं. साबणाने धुऊन, उकळून, उपड्या घालून वाळू द्यायच्या. फडक्याने पुसायच्या नाहीत. दूध काढण्याआधी हात साबणाने धुवायचे. नुकतं काढलेलं कोमट दूध फ्रिजमधल्या गार दुधात ओतायचं नाही. दोन्ही एकत्र करायचं असेल तर नवं दूध आधी फ्रिजमध्ये गार होऊ द्यायचं.

डबीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची. इथे एक गंमत झाली. तिने नुसती तारीख लिहिली होती. रात्री बारानंतर तारीख बदलते आणि झोपेतल्या माणसाला आज कोणती, काल कोणती काही कळत नाही. आता ती "सोमवार सकाळ", "सोमवार दुपार" असं लिहिते. आणि त्या रात्री वापरायच्या डब्यांना रबरबँड लावते, जुनं दूध आधी या हिशेबाने. बाबांनी वाचायचं काहीच नाही. रबरबँडची डबी काढायची, बस.

फ्रिजमध्ये डब्या आतल्या बाजूला ठेवायच्या, दारात नाही. दार सारखं उघडतं आणि तिथे गारवा टिकत नाही. नीट चालणाऱ्या फ्रिजमध्ये हे दूध चार दिवस राहतं. आपल्याकडे वीज जाते, म्हणून मी दोन दिवसांतच वापरा असं सांगते. वीज गेली आणि दार उघडलं नाही, तर साधारण चार तास आत गारवा राहतो. रात्री डबी हाताला गार लागली नाही, तर ती बाजूला ठेवायची. वास घेऊन ठरवू नका, बिघडलेल्या दुधाला दरवेळी वास येतोच असं नाही. फ्रीजरमध्ये गोठवलेलं दूध असेल तर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवायचं. पूर्ण विरघळलं की २४ तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही.

फ्रिज नसेल तर? २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ताजं काढलेलं दूध चार तास टिकतं. पण मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या घरात रात्रीही २५ अंश नसतात. तिथे चार तासांचा भरवसा धरू नका. माठाचा गारवाही पुरेसा नाही. गोठलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेली थंडपेटी असेल तर २४ तासांपर्यंत चालतं.

आता गरम करणं. आजींचं म्हणणं मला समजतं. आपण म्हशीचं दूध उकळल्याशिवाय लहानाच्या ओठाला लावत नाही. पण आईचं दूध सरळ आईकडून बाळाला जातं, ते उकळायचं नसतं. उकळलं की बाळाला आजारापासून सांभाळणारे त्यातले घटक नाहीसे होतात. मग मिल्क बँकेत का गरम करतात, असं एकीने विचारलं होतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मिल्क बँक सुरू केली. तिथे एका आईचं दूध दुसरीच्या बाळाला, तेही नाजूक, कमी दिवसांच्या बाळाला द्यायचं असतं. म्हणून ते ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून जंतू मारतात, उकळत मात्र नाहीत. आपल्या घरात आपल्याच आईचं दूध असतं, तिथे याची गरज नाही.

खरं तर फ्रिजमधलं गार दूधही निरोगी बाळाला चालतं. कित्येक बाळं पितात. बाळ घेत असेल तर रात्री गरम करायचं कामच नको. या बाळाने गार दूध तोंडातून बाहेर काढलं, म्हणून कोमट करावं लागलं.

त्यासाठी गॅस नाही आणि मायक्रोवेव्ह तर अजिबात नाही. मायक्रोवेव्हमध्ये दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं. वरून हात लावून ते कळत नाही आणि बाळाचं तोंड भाजतं. त्या घरात आता रात्री झोपण्याआधी थर्मासमध्ये पाणी भरून ठेवतात. उकळतं नाही. आंघोळीच्या पाण्यापेक्षा जरासं जास्त गरम, हात घालता येईल इतपत. दोन वाजेपर्यंत ते आणखी निवतं. थर्मासशेजारी एक खोलगट वाडगा, धुतलेली वाटी आणि चमचा झाकून ठेवलेला. एकदा दिवसा, जागेपणी, नुसतं पाणी डबीत घालून करून बघा. तुमचा थर्मास किती ऊन ठेवतो ते तेव्हाच कळेल.

रात्री बाळ उठलं की दिवा लावायचा. हात धुवायचे. रबरबँडची डबी वाडग्यात उभी ठेवायची आणि थर्मासचं पाणी झाकणाच्या खालपर्यंत ओतायचं. झाकण बुडालं तर पाणी आत झिरपतं. चार-पाच मिनिटं थांबायचं, तोवर बाळाला उचलून घ्यायचं. मग डबी गोल गोल हलवायची, कारण फ्रिजमध्ये साय वर येऊन दूध दोन थरांत दिसतं. ते नासलेलं नसतं, हलवलं की एकजीव होतं. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकायचे. गरमही नाही, गारही नाही, असं वाटलं की झालं. ही थेंबांची पायरी डोळे मिटत असले तरी सोडायची नाही.

पाजताना बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. बाटलीची बुचं धुऊन नीट स्वच्छ होत नाहीत. आमच्याकडे आजींनी जुनं बोंडलं काढलं, तेही उकळून घेतलं तर छान चालतं. बाळाला मांडीवर उभट धरायचं, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि त्याला त्याच्या वेगाने घेऊ द्यायचं. दूध तोंडात ओतायचं नाही, ठसका लागतो. आडवं पडून पाजायचं नाही. आपल्याला फारच पेंग येत असेल तर आजींना उठवायचं. बाळाला घेऊन खुर्चीत किंवा सोफ्यावर डुलकी लागणं उरलेल्या दुधापेक्षाही धोक्याचं आहे.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहे. बाळ कमी दिवसांचं असेल किंवा दवाखान्यात असेल, तर तिथल्या नर्सताई सांगतील तितकेच तास आणि तीच पद्धत.

गेल्या आठवड्यात त्या घरी गेले होते. फ्रिजमध्ये तीन डब्या, दोघींना रबरबँड. ओट्यावर थर्मास. आजींनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "थर्मासला हात लावू नकोस हं, ते रात्रीचं आहे."