एका नकाशात गरिबी आणि शाळा

अमरावती जिल्ह्याचा एक नकाशा करायचा आहे. गरीब गावे कोणती आणि शाळा लांब कुठे, हे दोन्ही त्यात एकदमच दिसायला हवे.

गरिबीसाठी नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक घ्यावासा वाटतो. पण त्यात शाळेतली हजेरी आधीच मोजलेली असते, म्हणजे शाळा दोनदा मोजली जाईल. त्यापेक्षा 2011 च्या सामाजिक-आर्थिक गणनेतली कच्च्या भिंती-छपराची, एकाच खोलीची घरे मोजावीत. अशा घरांचे प्रमाण जिल्ह्यातल्या गावांच्या मध्यकापेक्षा जास्त असेल, तर गुलाबी रंग.

शाळेसाठी शिक्षणहक्काच्या नियमातले अंतर घ्या: सहावी ते आठवीची शाळा 3 किलोमीटरच्या आत. त्यापलीकडे असेल तर निळा. अंतर मात्र रस्त्याने मोजा. उदाहरणार्थ, वलगावजवळून पेढी नदी वाहते. सरळ रेघ पूल विचारात घेत नाही, पोरांना घ्यावाच लागतो.

दोन्ही अडचणी असल्या की जांभळा, एकही नसली की फिकट राखाडी. अभ्यासक नऊ रंग वापरतात. वाचकाला चार पुरतात. सूचीत बाण नकोत, चार चौकटींत वाक्ये लिहा: ‘घरे कच्ची, शाळा जवळ’, ‘घरे बरी, शाळा लांब’. मग एखाद्या वाचकाला वलगावचा रंग वाचायला सांगा. तो अडखळला तर दोष सूचीचा.

आणखी एक. मेळघाटातला विस्तीर्ण, विरळ वस्तीचा प्रदेश पूर्ण रंगवला तर जंगलही गरीब दिसते. तिथे फक्त वस्ती रंगवावी.