चढत्या दराचा प्राप्तिकर आणि मंदीची झळ



प्राप्तिकराची चर्चा आपल्याकडे बहुधा न्यायाच्या अंगाने होते. ज्याची मिळकत मोठी त्याने तिच्यातील मोठा हिस्सा द्यावा, हे तत्त्व समाजवाद्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु या कराचे आणखी एक काम आहे आणि ते कोणी आज्ञा न देता चालते. तेजीच्या काळात लोकांच्या हाती येणाऱ्या वाढीव पैशातील काही भाग तो आपोआप काढून घेतो आणि मंदीत त्यांच्या तोट्यातील काही भाग स्वतःच्या अंगावर घेतो. संसदेचे अधिवेशन भरावे लागत नाही, की अर्थमंत्र्याला निवेदन करावे लागत नाही. अर्थशास्त्रज्ञ त्याला स्वयंचलित स्थैर्यकारक म्हणतात. हे काम तो कसे करतो आणि कोणासाठी करतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाठ्यपुस्तके पहिल्यावर बरेच लिहितात. दुसऱ्याबाबत मात्र ती बहुधा गप्प असतात.

प्रथम पहिला प्रश्न. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत कर नाही. पुढे प्रत्येक चार लाखांच्या टप्प्याला अनुक्रमे पाच, दहा, पंधरा, वीस आणि पंचवीस टक्के असा दर चढत जातो आणि चोवीस लाखांच्या वर तो तीस टक्के होतो. ज्याचे करपात्र उत्पन्न वीस लाख रुपये आहे अशा एखाद्या अभियंत्याचे उदाहरण घ्या. उपकर बाजूला ठेवला तर त्याचा वर्षाचा कर दोन लाख होतो आणि हाती अठरा लाख उरतात. मंदी आली आणि त्याचे उत्पन्न पंधरा लाखांवर उतरले. आता त्याचा कर एक लाख पाच हजार होतो आणि हाती तेरा लाख पंच्याण्णव हजार उरतात. उत्पन्न पंचवीस टक्क्यांनी घटले. हाती उरणारी रक्कम साडेबावीस टक्क्यांनी घटली. त्याच्या पाच लाखांच्या तोट्यापैकी पंच्याण्णव हजार सरकारी तिजोरीने सोसले.

दोन लाखांचीच वसुली दुसऱ्या पद्धतीने केली असती तर काय झाले असते? सरसकट दहा टक्के दर असता तर तिजोरीने पन्नास हजारच सोसले असते आणि हाती उरणारी रक्कम उत्पन्नाइतकीच, पंचवीस टक्के घसरली असती. माणशी ठरावीक दोन लाखांची पट्टी असती तर सरकारने काहीच सोसले नसते आणि अठरा लाखांचे तेरा लाख झाले असते. घट जवळजवळ अठ्ठावीस टक्के. तेजीत हेच उलट दिशेने घडते. त्या अभियंत्याचे उत्पन्न पंचवीस लाख झाले, तर कर तीन लाख तीस हजारांवर जातो आणि त्याच्या हाती पडणारी वाढ पंचवीसऐवजी साडेवीस टक्क्यांच्या आसपास राहते. बाजारात जो पैसा उतू गेला असता त्याला असा थोडा आवर बसतो. तेजीतील ही वाढीव वसुली सरकारला लागलेली लॉटरी नव्हे, हे मात्र कोणत्याही पक्षाच्या अर्थमंत्र्याला पटवणे कठीण जाते. ती खर्चून टाकली, किंवा तिच्या भरवशावर कर कमी केले, तर अर्धे यंत्र तिथेच बंद पडते.

दर चढता असणे एवढ्याने भागत नाही. कर केव्हा वसूल होतो, यावर बरेच अवलंबून आहे. त्याच अभियंत्याचा पगार वर्षाच्या मध्यावर निम्मा झाला असे समजा. पहिल्या सहा महिन्यांत त्याने दहा लाख मिळवले आणि दरमहा सुमारे सोळा हजार सहाशे याप्रमाणे एक लाख रुपये कर कापला गेला. पुढील सहा महिन्यांत त्याला पाचच लाख मिळणार. वर्षाचे उत्पन्न पंधरा लाख, त्यावरचा कर एक लाख पाच हजार. म्हणजे उरलेल्या सहा महिन्यांत मिळून केवळ पाच हजार कापायचे राहतात. ज्या महिन्यात पगार कोसळला त्याच महिन्यापासून कपात साडेसोळा हजारांवरून आठशे-साडेआठशेवर येते. हाती दीड लाख येत होते तिथे साडेब्याऐंशी हजार येतात. झळ मोठीच; पण गेल्या वर्षाचा कर या वर्षी भरण्याची पद्धत असती, तर निम्म्या पगारातून जुने सोळा हजार वजा होऊन हाती सहासष्ट हजार उरले असते. तेव्हा करानेच मंदीला हातभार लावला असता.

अमेरिकेत १९२९ नंतर हेच होते. तेथे एका वर्षाच्या मिळकतीवरचा कर पुढील वर्षी हप्त्यांनी भरला जाई आणि मुळात तो भरणारेही थोडेच होते. १९३२ साली, महामंदीच्या ऐन खाईत, अंदाजपत्रकाचा तोल सावरण्यासाठी तेथील सरकारने कमाल दर पंचवीसवरून त्रेसष्ट टक्क्यांवर नेला. दर चढता होता, चांगलाच चढता. पण त्याने कोणाला सावरले नाही. पुढे महायुद्धाच्या खर्चासाठी कराचे जाळे कामगार-कारकुनांपर्यंत पसरले. १९३९ मध्ये जेमतेम चाळीस लाख लोक हा कर भरत. १९४५ पर्यंत ही संख्या चार कोटींच्या वर गेली. १९४३ च्या कायद्याने तो पगारातूनच कापला जाऊ लागला. हा बदल युद्धासाठी झाला होता, मंदीच्या उपायासाठी नव्हे. तरीही युद्धोत्तर काळात मंदी आली की अमेरिकन कामगाराची करकपात त्याच आठवड्यात उतरू लागली.

भाववाढीने हे यंत्र उलटे फिरते, हेही त्याच देशात दिसले. १९७४ मध्ये तेथे उत्पादन घटत होते आणि भाव अकरा टक्क्यांच्या आसपास वाढत होते. पगाराचा आकडा फुगला, वस्तू मात्र पूर्वीपेक्षा कमी येऊ लागल्या. आणि कराच्या टप्प्यांना फक्त आकडा दिसतो. लोक गरीब होत असताना वरच्या टप्प्यात ढकलले गेले. अखेर १९८५ पासून तेथे हे टप्पे किंमत-निर्देशांकाशी जोडण्यात आले. भारतात अशी जोड नाही. टप्पे केव्हा व किती सरकवायचे हे त्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकावर सोडलेले असते.

आता दुसरा प्रश्न: कोणासाठी? १९७३-७४ साली भारतात प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. कागदावर याहून चढता कर जगात शोधावा लागला असता. त्याच वर्षी, मे १९७३ मध्ये, महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. ज्यांचे उत्पन्न बुडाले होते त्यांनी प्राप्तिकर कधी भरलेलाच नव्हता, त्यामुळे तो कमी होऊन त्यांना आधार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना जे तगवले ते खर्चाच्या बाजूने, रोजंदारीच्या पैशाने. समाजवादी चळवळीने वरच्या दरासाठी जेवढा आग्रह धरला तेवढा विचार कराच्या व्याप्तीचा केला नाही, ही कबुली द्यायला हरकत नाही.

पन्नास वर्षांनंतर चित्र किती बदलले, हे २०२०-२१ च्या टाळेबंदीच्या वर्षात तपासता येते. चालू किमतींनुसार देशाचे एकूण उत्पन्न त्या वर्षी एक टक्क्याहून थोडे अधिक घटले. प्राप्तिकर खरोखर स्थैर्यकारक असता तर त्याची वसुली त्याहून बऱ्याच वेगाने घटायला हवी होती. वरच्या उदाहरणात उत्पन्न पंचवीस टक्के उतरताच कर निम्म्याच्या आसपास आला होता. प्रत्यक्षात व्यक्तींकडून मिळणारा प्राप्तिकर ४.९३ लाख कोटींवरून ४.८७ लाख कोटींवर आला, म्हणजे जेमतेम एक टक्का उतरला. याचा मुख्य अर्थ असा की ज्यांच्याकडून हा कर येतो त्या वर्गाची मिळकत मोठ्या प्रमाणावर टिकून होती, आणि जे पायी गावाकडे निघाले त्यांच्या बुडालेल्या मजुरीचा या कराशी संबंधच नव्हता. २०११ च्या जनगणनेत शेतमजुरांचीच संख्या चौदा कोटींहून अधिक होती. विवरणपत्रे भरणारे आज सात-आठ कोटींच्या आसपास आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांचा कर शून्य असतो.

जो कर या मजुरापर्यंत पोचतो तो वस्तूंवरचा. त्याचे वर्तन त्याच वर्षी काय होते? मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरला दहा आणि डिझेलवर तेरा रुपयांनी कर वाढवला. कच्चे तेल तेव्हा कोसळले होते, त्यामुळे पंपावरचे भाव त्या दिवशी चढले नाहीत, हे खरे. पण जगभर आलेली स्वस्ताई भारतातल्या टेम्पोचालकापर्यंत आलीच नाही. अबकारी कराची वसुली २.४० लाख कोटींवरून ३.९१ लाख कोटींवर गेली. मंदीच्या वर्षात घटायला हवा असा कर घटला नाही, आणि जो बहुसंख्यांच्या खिशातून जातो तो दीडपटीहून वाढला. यंत्र बिघडले होते असे म्हणणे बरोबर नव्हे. ते मुळात थोड्यांनाच जोडलेले होते.

म्हणून शेतमजुराला प्राप्तिकर लावा, असा कोणी अर्थ काढू नये. २०२५-२६ च्या रचनेत बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असणाऱ्याचा कर सवलतीने शून्य होतो, आणि दहा लाखांवरून साडेसात लाखांवर घसरलेल्या माणसाचा तोटा सर्वस्वी त्याचाच राहतो. तरी त्याच्याकडून काही घेतले जात नाही हेच अधिक बरे. खालच्या वर्गासाठी ही उशी खर्चाच्या बाजूने, मागेल त्याला कामाच्या हक्काने आणि बेकारी भत्त्यानेच शिवावी लागेल, आणि तिचा पैसा वरून यावा लागेल.

तो येताना एक अडचण आहे. केंद्राच्या विभाज्य करांतील एक्केचाळीस टक्के वाटा राज्यांचा असतो, म्हणून वसुली घटली की राज्यांचा हिस्साही आपोआप घटतो. २०२०-२१ साठी राज्यांना ७.८४ लाख कोटी मिळतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे ५.९५ लाख कोटी मिळाले. पेट्रोल-डिझेलवरचा तो वाढीव कर उपकर आणि विशेष शुल्क या नावांनी बसवलेला असल्याने त्यात राज्यांना वाटा नव्हता. केंद्र तूट वाढवून मंदी सोसू शकते. राज्यांच्या कर्जावर मर्यादा असते. त्या वर्षी ती राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवरून पाचवर नेली, पण त्यातील काही भाग अटी पाळल्यावरच मिळणार होता. सरकारी दवाखाने, शाळा आणि रोजगाराची कामे चालवायची असतात ती राज्यांनी. आणि मंदीत हात आखडता घेण्याची पाळी येते तीही त्यांच्यावरच.