एका फ्रेमवरचं वाक्य

मागच्या पडद्यावर एक स्थिरचित्र आहे. सबटायटल्सचं काम करणाऱ्या माणसाकडे कधीकधी एवढंच येतं. सिनेमा नाही, संहिता नाही, फक्त स्क्रीनशॉट आणि निरोप, "खालच्या दोन ओळी मराठीत हव्यात." चित्रात पन्नाशीची एक बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, हातात डाव आहे, मागे खिडकीबाहेर अंधार आहे. पुढे कुणाचा तरी खांदा आणि मानेपर्यंत कापलेले केस, तेही धूसर. खाली ही अक्षरं:

```
I thought you said your brother
would be here before dinner.
```

हे वाक्य मी नमुन्यासाठी रचलं आहे, पण त्यातली अडचण माझ्या कामातली खरी आहे.

आधी या दोन ओळी मोजू. मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून पहिलीत 31 चिन्हं आहेत, दुसरीत 28. एकूण 59. इंग्रजी सबटायटल्ससाठी सर्रास वापरली जाणारी मर्यादा अशी असते: एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत 42 चिन्हं आणि वाचनाचा वेग सेकंदाला 17 ते 20 चिन्हं. ओळी 42च्या आत आहेत, हे स्क्रीनशॉट बघून लगेच कळतं. वेगाचं काय? ते या चित्रातून कळणं शक्यच नाही. चित्र हा एक क्षण आहे, आणि वाक्य पडद्यावर कधी आलं नि कधी गेलं ते त्या क्षणाच्या बाहेर आहे. म्हणून माझी पहिली मागणी नेहमी तीच असते: मला या वाक्याची सुरुवातीची आणि शेवटची वेळ द्या. समजा उत्तर आलं, 41 मिनिटं 7 सेकंद 12 फ्रेम ते 41 मिनिटं 10 सेकंद 12 फ्रेम. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर बरोबर तीन सेकंद. 59 भागिले 3 म्हणजे जेमतेम 20च्या आत. मूळ लिहिणाऱ्यानेच सगळी जागा वापरून टाकली आहे. मराठीसाठीही हीच 42 आणि 20ची मर्यादा दिली आहे असं धरून पुढे जाऊ.

नवखा अनुवादक काय लिहितो? "मला वाटलं होतं की तू म्हणाला होतास की तुझा भाऊ रात्रीच्या जेवणाच्या आधी इथे असेल." अर्थ चुकलेला नाही. पण ही 81 चिन्हं झाली, तीन सेकंदांत सेकंदाला 27. प्रेक्षक "रात्रीच्या" या शब्दापर्यंत पोचेल आणि वाक्य निघून जाईल. शिवाय असं बोलतं कोण? डाव हातात घेतलेली बाई दोनदा "की" घालून बोलत नाही. लांबी आणि कृत्रिमपणा बहुधा एकत्रच सापडतात, आणि काटछाट करायला बसलं की दोन्ही एकदम जातात. तिला मराठीत बोलू दिलं तर ती म्हणेल:

"जेवणाआधी तुझा भाऊ येणार होता ना?"

चिन्हं 32, एका ओळीत मावली. सेकंदाला 11सुद्धा नाहीत. "आय थॉट" या शब्दांतली तक्रार त्या शेवटच्या "ना"मध्ये आली. रात्रीचं जेवण की दुपारचं, ते खिडकीबाहेरचा अंधार सांगतोच आहे. चित्र जे सांगतं ते पुन्हा लिहायचं नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी बचत आहे.

मी सुरुवातीच्या काळात अशा वाक्यावर खूश होऊन थांबायचो. मग पुढचं सबटायटल हाती आलं. ऐकणारी व्यक्ती उत्तर देते, मी असं कधीच म्हटलं नव्हतं. आता माझं वाक्य पडलं, कारण मी "म्हणणं"च काढून टाकलं होतं. काय म्हटलं नव्हतं? प्रेक्षकाला ते उत्तर लोंबकळत राहिल्यासारखं वाटणार. कापायला हरकत नाही, पण जो शब्द पुढचं वाक्य पकडून ठेवणार आहे तो कापता येत नाही, आणि तो कोणता हे एका फ्रेममध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून मागचं आणि पुढचं, किमान एकेक सबटायटल मागून घ्यावं.

"म्हणणं" परत आणलं की मराठी लगेच विचारते: म्हणालास की म्हणालीस? इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही. आखूड केस बघून मी एकदा "म्हणालास" लिहून पाठवलं होतं. तो खांद्यावरून घेतलेला शॉट होता, आणि पुढच्याच शॉटमध्ये कॅमेरा वळला तेव्हा समोर मुलगी होती. हॉलमध्ये कुणीतरी "अरे!" म्हणाल्याचं मला अजून आठवतं. त्या तीन सेकंदांत त्या मुलीचा चेहरा कुणी पाहिलाच नसणार. ऐकणारी व्यक्ती दिसत नसेल तर एकतर चौकशी करावी, नाहीतर लिंग उघड न करणारी रचना शोधावी. "तुम्ही म्हणालात"मध्ये ते झाकलं जातं, पण लेकीच्या वयाच्या मुलीला ही बाई अहोजाहो करणार नाही. खातरजमा झाल्यावर ठरलं ते असं, फाइलमध्ये जसं बसतं तसं:

```
412
00:41:07,500 --> 00:41:10,500
तूच म्हणालीस ना, तुझा भाऊ
जेवणाआधी येणार म्हणून?
```

बारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, म्हणून 500. ओळी 25 आणि 22 चिन्हांच्या, एकूण 47, सेकंदाला 16च्या आत. ओळ "तुझा"नंतर तोडली असती तर मोजमाप फारसं बदललं नसतं, पण "तुझा" वाचून डोळा काय तुझं म्हणून खाली धावला असता. नाम आणि त्याचं विशेषण एका ओळीत ठेवावं.

आता मोजण्याबद्दल थोडं, कारण इथे मराठी माणसाची फसगत होते. संगणक अक्षरं मोजत नाही, चिन्हं मोजतो. व्यंजन, काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार, प्रत्येक वेगळं. "कमल" तीन, पण "स्त्री" हे एकच अक्षर सहा चिन्हांचं: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. आपल्या त्या दोन ओळी डोळ्यांनी अक्षरं म्हणून मोजल्या तर जागा आणि विरामचिन्हांसह 30 भरतात, संगणक 47 म्हणतो. म्हणजे इंग्रजीचा आकडा मराठीवर तसाच लावला तर जोडाक्षरांच्या वाक्याला उगाच शिक्षा होते. दुसरीकडे, जोडाक्षर वाचायला साध्या अक्षरापेक्षा डोळा जास्त वेळ घेतो, म्हणून 30 हा आकडाही खरा नाही. मी दिलेली मर्यादा पाळतो, पण शेवटची परीक्षा घड्याळाची घेतो: तीन सेकंदांत वाक्य मनात वाचून झाल्यावर त्या बाईच्या चेहऱ्याकडे एकदा बघता आलं पाहिजे. ते झालं नाही तर आकडे कितीही बरोबर असोत, मी पुन्हा कापतो.

आणि एवढं झाल्यावर पुन्हा एक स्क्रीनशॉट, या वेळी मराठी ओळी चित्रावर चढवल्यानंतरचा. त्यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, ऱ्हस्व वेलांटी. ती व्यंजनाच्या डावीकडे दिसली पाहिजे. उजवीकडे सरकली असेल, किंवा जोडाक्षर फुटून मधला हलन्त उघडा पडला असेल, तर तो प्लेअर देवनागरी नीट जुळवत नाही, आणि अनुवाद बदलून उपयोग नाही. दुसरी, दोन ओळींमधलं अंतर. वरच्या ओळीचे उकार खाली लोंबतात आणि खालच्या ओळीच्या मात्रा, रफार वर चढतात. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या अंतरात ते एकमेकांना भिडतात. आपल्या ओळींमध्ये वर "तुझा"चा उकार आहे आणि खाली "येणार"ची मात्रा. हे दोन्ही नेमके एकावर एक आले तर "तुझा"चा "तझा" दिसू शकतो. तेव्हा ओळींमधलं अंतर वाढवायला सांगावं, आणि ते शक्य नसेल तर पहिली ओळ "ना," पाशी तोडून "तुझा भाऊ" खाली न्यावं. खालची ओळ तेव्हा 31 चिन्हांची होते, 42च्या आतच राहते.