ईमेलचा शेवट: जर्मनीला लिहिताना

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सुटे भाग स्टुटगार्टहून येतात, त्यामुळे तिथल्या खरेदी-विक्री पाहणाऱ्या बाईंशी त्याचा रोजचा ईमेल. पहिलंच पत्र धाडण्याआधी त्याने मला दाखवलं, कारण मावशीने आयुष्यभर जर्मन शिकवलं. मजकूर नीट होता. खाली मात्र त्याने लिहिलं होतं, ‘लीबे ग्र्यूसे’. म्हणजे प्रेमळ नमस्कार. म्हटलं, अरे, ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही त्यांना प्रेम कसलं पाठवतोस?

जर्मनमध्ये पत्राचा शेवट एकटा ठरत नाही, तो मायन्याला बांधलेला असतो. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना ‘शि. सा. न. वि. वि.’ लिहिलं की खाली ‘अनेक आशीर्वाद’ येत नसत, तसंच. मायना ‘झेअर गेएर्टे फ्राऊ’ आणि पुढे आडनाव, म्हणजे ‘आदरणीय श्रीमती अमुक’ असा असेल, तर शेवट ‘मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन’, म्हणजे ‘स्नेहपूर्वक नमस्कार’. अर्थात स्नेह आहे म्हणायचा. प्रत्यक्षात वीजबिलाच्या पत्राखालीही हेच शब्द असतात. अनोळखी माणसाला हा शेवट कधीच चुकत नाही. इंग्रजीच्या सवयीने त्यापुढे स्वल्पविराम मात्र देऊ नका. जर्मनमध्ये तो नसतो. मायन्यानंतर असतो, आणि त्यापुढचं वाक्य छोट्या अक्षराने सुरू होतं.

भाच्याने तसं लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं: वर ‘गुटन टाग हेर’ आणि आडनाव, खाली ‘फीले ग्र्यूसे’, म्हणजे ‘पुष्कळ नमस्कार’. बाई एक पायरी खाली उतरल्या होत्या. आता भाच्यानेही उतरायचं. तो जुन्याच शेवटाला चिकटून राहिला असता तर चूक झाली नसती, पण पुढे केलेला हात दिसलाच नाही असं वाटलं असतं. त्याने ‘फीले ग्र्यूसे आउस पुणे’, ‘पुण्याहून पुष्कळ नमस्कार’ असं लिहिलं. गावाचं नाव जोडलं की सलगी न करताही शब्दांना ऊब येते.

‘लीबे ग्र्यूसे’ची वेळ पुढे आली. जर्मनमध्येही ‘झी’ आणि ‘डू’ आहेत, आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तू’सारखे. ‘डू’ म्हणूया असं सुचवायचा मान रिवाजाने वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाचा. काही कंपन्यांत हल्ली सगळे पहिल्या दिवसापासून ‘डू’च म्हणतात, तो भाग वेगळा. बाई चाकणला आल्या, मिसळ खाल्ली, आणि जाताना म्हणाल्या, आता नावानेच बोलूया. त्यानंतरच्या त्यांच्या ईमेलखाली ‘लीबे ग्र्यूसे’ आलं. आता भाच्यानेही ते लिहायला हरकत नव्हती.

गडबड झाली ती नंतर. माल तीन आठवडे अडकला होता. भाचा चिडला आणि मुद्दा ठासून मांडायचा म्हणून त्याने खाली पुन्हा ‘मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन’ लिहिलं. बाईंचा लगेच फोन आला, पण मालाबद्दल नव्हे. त्यांनी विचारलं, ‘माझं काय चुकलं?’ घरचा माणूस अचानक ‘आपण’ म्हणू लागला की आपल्यालाही धस्स होतंच. तक्रार मजकुरात करावी: किती नग, कोणती तारीख, किती नुकसान. शेवट आहे तिथेच ठेवावा.

त्याच्या हाताखालच्या मुलाने तर ‘होखआख्टुंग्सफोल’, म्हणजे ‘अत्यंत आदरपूर्वक’, असं शब्दकोशातून शोधून काढलं होतं. अर्थ पाहिला तर किती नम्र! पण आज हा शब्द जुनाट वाटतो आणि वकिलाच्या नोटिशीची आठवण करून देतो. आदर वाढवायला गेलेला मुलगा धमकी देऊन बसला असता.

आणखी एक अडचण कारखान्याच्याच संगणकात निघाली. प्रत्येक ईमेलखाली आपोआप चिकटणाऱ्या सहीत कोणीतरी ‘थँक्स अँड रिगार्ड्स’ घालून ठेवलं होतं. त्यामुळे जर्मन शेवटाखाली इंग्रजी शेवट, असे दोन-दोन निरोप जात. सहीत फक्त नाव, हुद्दा आणि फोन ठेवावा. शेवट दरवेळी हाताने लिहावा.

परवा त्याने विचारलं, मावशी, एकाच पत्रात त्या बाई आणि त्यांचे नवे साहेब, दोघंही आहेत. बाईंना ‘डू’, साहेबांना ‘झी’. मग खाली काय? मी म्हटलं, साहेब पाहून लिही. बाई समजून घेतील. त्याने ‘फीले ग्र्यूसे आउस पुणे’ लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं, त्याखाली होतं, ‘मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन’. आता पुढचं पत्र पुन्हा पहिल्या पायरीवरून.