हजारो फ्रेममधला एक गुरू

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



२०२६ साली १० जानेवारीला गुरू प्रतियुतीत होता. मिथुन राशीत असल्यामुळे पुण्याहून तो मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येत होता. डोक्यावरच्या ग्रहाचा प्रकाश सर्वांत कमी हवेतून आपल्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे ग्रहाचे छायाचित्र घेण्यासाठी याहून चांगली जागा नाही. तरीही त्या रात्री २० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीला कॅमेरा लावला असता, तर संगणकाच्या पडद्यावरचा गुरू सतत थरथरताना दिसला असता. कड उकळल्यासारखी, पट्टे पुसट. मध्येच एका क्षणात पट्ट्यांच्या कडा रेखीव होतात, तांबड्या डागाचा आकार उमटतो, आणि पुन्हा सगळे विस्कटते. आजचे व्याख्यान त्या एका क्षणाविषयी आहे. तसे क्षण शेकड्यांनी गोळा कसे करायचे, त्यांची बेरीज कशी करायची आणि त्या बेरजेतून खरा तपशील वर कसा काढायचा, हे मी सांगणार आहे. या पद्धतीला ‘लकी इमेजिंग’ म्हणतात.

प्रथम हवेचा हिशेब करू. कमी-अधिक तापमानाच्या हवेचे पुंजके दुर्बिणीसमोरून वाहत असतात आणि प्रत्येक पुंजका प्रकाशाला थोडा वेगळा वाकवतो. ज्या रुंदीपर्यंत हवा प्रकाशाला फारशी बिघडवत नाही, ती रुंदी म्हणजे ‘फ्रीड लांबी’. साधारण रात्री ती चार-पाच सेंटिमीटर असते, उत्तम रात्री दहाच्या पुढे जाते. डेव्हिड फ्रीड या शास्त्रज्ञाने १९७८ साली एक नेमका प्रश्न सोडवला. दुर्बिणीचा व्यास फ्रीड लांबीच्या अमुक पट असेल, तर एखाद्या क्षणी हवा निव्वळ योगायोगाने सपाट होऊन दुर्बीण जवळपास पूर्ण क्षमतेने पाहू शकेल, याची शक्यता किती?

समजा फ्रीड लांबी ४ सेंटिमीटर आहे. आपली २० सेंटिमीटरची दुर्बीण तिच्या पाचपट झाली. फ्रीडच्या गणिताप्रमाणे शंभरातल्या नऊ फ्रेम चांगल्या निघतील. त्याच हवेत २८ सेंटिमीटरची दुर्बीण सातपट होते, आणि शक्यता साडेतीनशेत एक इतकी खाली येते. दहापट झाली, तर दहा लाखांत एक. व्यास थोडाच वाढतो, पण नशीब झपाट्याने आटते. म्हणून मध्यम आकाराच्या दुर्बिणीला ही पद्धत विशेष लाभते. फ्रीडची कसोटी कडक आहे, तिच्यात थोडक्यात नापास झालेल्या फ्रेमही उपयोगी पडतात. पण किती फ्रेम ठेवाव्यात याचा पहिला अंदाज या गणितातून मिळतो.

आता चित्रीकरण. चांगला क्षण फार थोडा वेळ टिकतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेमचा उघडीप-काळ सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी हवा. आपण ८ मिलिसेकंद धरू. सेन्सरचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आणि दुर्बिणीचे नाभीय अंतर बार्लो लावून ३००० मिलिमीटर असेल, तर एका पिक्सेलवर ०.२ विकला इतके आकाश पडते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. गुरूचे बिंब तेव्हा साधारण ४६.५ विकलांचे होते, म्हणजे चित्रात सुमारे २३० पिक्सेलचे. आपल्या दुर्बिणीची क्षमता ०.५८ विकला. तिच्या सर्वांत बारीक तपशिलाला जवळजवळ तीन पिक्सेल मिळाले, तेवढे पुरेत. हा तीनाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

चित्रीकरण किती वेळ करायचे? गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मध्यावरचा ठिपका दर मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. दोन मिनिटांत अर्धी विकला झाली, म्हणजे दुर्बिणीच्या क्षमतेइतकेच अंतर. त्यापुढे चित्र फिरण्यानेच पुसट होऊ लागते. म्हणून दोन मिनिटे, सेकंदाला १०० फ्रेम, एकूण १२,००० फ्रेम.

ऑटोस्टॅकर्ट हा एमिल क्राइकॅम्प यांनी लिहिलेला प्रोग्रॅम या १२,००० फ्रेमना गुण देतो आणि त्यांची क्रमवारी लावतो. शेजारशेजारच्या पिक्सेलांच्या उजेडात फरक जितका ठळक, तितकी फ्रेम रेखीव, असे त्यामागचे तत्त्व आहे. यात एक धोका आहे. कमी उजेडात घेतलेल्या फ्रेममध्ये रवाळपणा असतो, ज्याला आपण नॉइज म्हणतो. रव्यांमुळेही शेजारच्या पिक्सेलांत फरक पडतो आणि प्रोग्रॅम त्यालाच तपशील समजू शकतो. म्हणून गुण देण्याआधी फ्रेम थोडी मऊ करून घ्यावी लागते. त्यासाठीची पट्टी पडद्यावर Noise Robust या नावाने दिसते. फ्रेम रवाळ असतील तर तिचा आकडा वाढवावा. निवड बरोबर होते आहे का, हे पाहण्याची साधी रीत म्हणजे क्रमवारीतली पहिली आणि शेवटची फ्रेम डोळ्यांनी ताडून पाहणे. दोन्ही सारख्याच दिसल्या, तर प्रोग्रॅम रवे मोजतो आहे.

आणखी एक अडचण आहे. हवा एका क्षणी सगळ्या बिंबावर सारखी नसते. एकसारखा परिणाम थोड्याच विकलांपुरता राहतो. त्यामुळे एका फ्रेममध्ये उत्तरेचा पट्टा स्वच्छ आणि तांबडा डाग विस्कटलेला, असे हमखास होते. यासाठी बिंबावर जुळणीबिंदू टाकतात. प्रत्येक बिंदूभोवतीचा चौकोन स्वतःच्या चांगल्या फ्रेम निवडतो, आणि हवेने इकडे-तिकडे ढकललेला तो तुकडा जागेवर आणून मगच मिळवला जातो. चौकोन फार लहान केले, तर त्यात धरण्याजोगा तपशीलच उरत नाही. प्रोग्रॅम रव्यांवर जुळणी करू लागतो आणि चित्रात चौकोनी जाळी उमटते. जाळी दिसली की चौकोन मोठे करावेत.

यानंतर कळीचा प्रश्न येतो. १२,००० पैकी किती फ्रेम ठेवायच्या? फ्रेमची सरासरी काढली की नॉइज फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. एक टक्का, म्हणजे १२० फ्रेम घेतल्या, तर तो अकरा पटींनी घटेल. दहा टक्के, म्हणजे १२०० घेतल्या तर पस्तीस पटींनी, आणि निम्म्या घेतल्या तर सत्त्याहत्तर पटींनी. पण जसजसे आपण क्रमवारीत खाली उतरतो, तसतशा विस्कटलेल्या फ्रेम मिसळत जातात आणि तपशील पुसट होतो. गुणांचा आलेख पाहून निर्णय घ्यावा. आलेख सुरुवातीलाच धाडकन कोसळत असेल, तर रात्र वाईट होती. दहा टक्क्यांवर थांबावे. बराच वेळ सपाट चालत असेल, तर निम्म्या फ्रेम घ्यायलाही हरकत नाही. आपल्या उदाहरणात १२०० फ्रेम हा योग्य आकडा आहे, आणि तो फ्रीडच्या नऊ टक्क्यांशी जवळचा आहे.

ही बेरीज पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. चित्र गुळगुळीत, शांत, पण मऊ दिसते. याचे कारण असे की दुर्बीण आणि हवा मिळून बारीक तपशिलाचा उठाव कमी करतात; पण तो शून्य करत नाहीत. तो तपशील चित्रात दबलेला असतो. त्याला वर काढण्याचे काम वेव्हलेट करतात. कोर बेरेव्होएट्स यांच्या रेजिस्टॅक्स या प्रोग्रॅमने ही पद्धत हौशी निरीक्षकांपर्यंत नेली.

वेव्हलेटची कृती सरळ आहे. चित्राची थोडी मऊ केलेली प्रत काढून ती मूळ चित्रातून वजा करायची. जे उरते तो सर्वांत बारीक तपशिलाचा थर. मऊ प्रत आणखी मऊ करून पुन्हा वजाबाकी केली की पुढचा थर मिळतो. थरांचे माप साधारण एक, दोन, चार, आठ पिक्सेल अशी दुपटीने वाढत जाते. मग प्रत्येक थर हवा तितका वाढवून सगळे परत एकत्र करायचे. आता तो तीन पिक्सेलांचा आकडा आठवा. आपल्या दुर्बिणीला सुमारे तीन पिक्सेलांहून बारीक काही दिसतच नाही. म्हणजे पहिल्या थरात जे आहे ते जवळजवळ निव्वळ नॉइज. तो थर वाढवू नये, उलट दाबावा. गुरूच्या पट्ट्यांच्या कडा, तांबड्या डागाभोवतीचे वळसे हे सगळे दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात असते. जोर तिथे द्यावा.

थर वाढवला की त्यातला तपशील वाढतो आणि नॉइजही त्याच पटीत वाढतो. म्हणून मी म्हणतो की फ्रेमची बेरीज ही बचत आहे आणि वेव्हलेट हा खर्च. १२० फ्रेमवाल्याला पट्टी थोडी सरकवताच रवे दिसू लागतात. १२०० फ्रेमवाला तिप्पट पुढे जाऊ शकतो. मर्यादा ओलांडली की चित्र स्वतःच सांगते. बिंबाच्या कडेच्या आत कडेला समांतर खोटी रेघ उमटते, तेजस्वी ठिपक्यांभोवती काळी कडी येतात, आणि पट्ट्यांवर गांडुळांसारखा पोत पसरतो. गुरूवर असे काहीही नाही.

निवडीने न सुटणाऱ्याही गोष्टी आहेत. फोकस चुकलेला असेल किंवा आरशांची जुळणी बिघडलेली असेल, तर तो दोष प्रत्येक फ्रेममध्ये असतो. सर्वोत्तम फ्रेमही त्याच दोषाची असते. आपल्याकडे गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. ती गरम हवा दुर्बिणीच्या तोंडासमोरूनच वर जाते. शक्य असेल तर मोकळ्या मातीवर उभे राहावे, आणि दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. निवड, जुळणी आणि वेव्हलेट या तीन संस्कारांनंतर दिसणारा ठिपका खरा आहे, हे कशावरून? १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. तो उपग्रह असता किंवा उपग्रहाची सावली असती, तर ग्रहाच्या फिरण्यापेक्षा वेगळ्या गतीने सरकला असता. हा डाग एकामागून एक चित्रांत गुरूबरोबरच फिरत होता. हवाईतल्या नासाच्या दुर्बिणीने लवकरच दुजोरा दिला की गुरूवर काहीतरी आदळले होते आणि हा त्याचा व्रण होता. ही कसोटी प्रत्येकाला वापरता येते. पाठोपाठ दोन स्वतंत्र चित्रफिती घ्या, दोन्हींवर सारखेच संस्कार करा. नॉइज दोन्हींत एकाच जागी येत नाही; खरा तपशील दोन्हींत येतो, आणि दुसऱ्या चित्रात तो फिरण्याच्या हिशेबाने नेमका तेवढाच सरकलेला असतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच. ग्रहाचे चित्र लोकांपुढे ठेवताना त्याखाली तारीख, जागतिक वेळ, दुर्बिणीचा व्यास, एकूण किती फ्रेमपैकी किती घेतल्या, हे लिहा. मूळ चित्रफीत आणि वेव्हलेट न लावलेली बेरीज जपून ठेवा. आणि जो तपशील दुसऱ्या चित्रफितीत सापडला नाही, तो गुरूवर आहे असे म्हणू नका.