वाटेत फुटलेला तंबोरा आणि त्याची भरपाई

तुळजापूर तालुक्यातल्या एका गावी माझे एक स्नेही प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. गाण्याचा नाद त्यांना फार. पाचसहा वर्षे पैसा पैसा बाजूला टाकून त्यांनी मिरजेहून एक तंबोरा आणला. किंमत अठ्ठावीस हजार रुपये. मिरजेचा तंबोरा म्हणजे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकलेल्या भोपळ्याचा. वरून दणकट दिसतो, पण एक धक्का बसला की अंड्यासारखा तडकतो. एस. टी.च्या गर्दीत नको, म्हणून गुरुजींनी तिथल्याच एका मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत तो स्वतःच्या नावाने स्वतःलाच पाठवण्यासाठी दिला. भाडे सातशे रुपये. तारीख ३ मे.

आठ दिवसांनी धाराशिवच्या गोदामातून निरोप आला. गुरुजी गेले, तर लाकडी खोक्याचा एक कोपरा आत दबलेला. हमाल म्हणाला, "सही करा गुरुजी, मागं गाडी थांबलीय." इथे बहुतेक माणसे सही करतात आणि तिथेच अर्धे प्रकरण हरतात. कारण पोच देण्याच्या कागदावर नुसती सही केली, की 'माल सुस्थितीत मिळाला' असाच तिचा अर्थ पुढे लावला जातो.

गुरुजींनी सही केली, पण अगोदर खोका तिथेच उघडायला लावला. भोपळ्याला वीतभर तडा गेलेला होता. मग त्यांनी कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'खोक्याचा डावा कोपरा दबलेला, आत भोपळा तडकलेला, कारकुनासमक्ष पाहिले,' आणि खाली तारीख, वेळ घालून सही केली. कारकुनाने दुसऱ्या प्रतीवर सही द्यायला नकार दिला. तेव्हा त्यांनी त्या लिहिलेल्या कागदाचेच छायाचित्र काढून घेतले. खोक्याचीही काढली. आधी बंद खोका, मग दबलेला कोपरा, मग उघडलेला खोका, आणि शेवटी तडा, त्याशेजारी शाळेची पट्टी धरून. खोका, पेंढा, दोऱ्या, वर चिकटवलेली चिठ्ठी, काहीच टाकून दिले नाही. घरी नेऊन माळ्यावर ठेवले. गुरुजींच्या मंडळी म्हणाल्या, "हा कचरा कशाला?" पण हा कचराच पुढे उपयोगी पडला.

कंपनीने आधी हेच म्हटले की, बांधणी कच्ची होती. यावर उत्तर दोन कागदांत होते. एक, मिरजेत खोका बंद करण्यापूर्वी आणि नंतर काढलेली छायाचित्रे. दुसरा कागद म्हणजे कंपनीचीच मालपावती. बांधणी सदोष आहे, असा एक शब्दही तिच्यावर नव्हता. बांधणी खरोखर कच्ची असती, तर घेताना कंपनीने तसे लिहायला हवे होते. पावतीवर 'ओनर्स रिस्क', म्हणजे मालकाच्या जोखमीवर, असा शिक्काही होता. पुष्कळ लोक त्या शिक्क्यानेच घाबरतात. परंतु त्या शिक्क्यामुळे वाहतूकदाराची निष्काळजीपणाबद्दलची जबाबदारी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे.

आता कायदा थोडक्यात. पूर्वी १८६५चा कायदा होता. त्याच्या जागी २००७चा रस्त्याने मालवाहतुकीचा कायदा आला आणि तो १ मार्च २०११पासून लागू झाला. घरपोच कुरिअर नेणारी कंपनीही त्याच्या कक्षेत येते. टपाल खाते मात्र येत नाही, कारण शासन त्यातून वगळलेले आहे. या कायद्याचा एक मोठा आधार असा की, चूक कंपनीच्या कोणत्या माणसाची, हे आपण सिद्ध करावे लागत नाही. माल चांगला दिला आणि तुटलेला मिळाला, एवढे आपण दाखवायचे. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी हुकूम अशी कारणे असली, तर ती कंपनीने दाखवायची. सन २०००मध्येच पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या खटल्यात, गोदामाला आग लागून माल जळाला असताना, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातील हाच नियम ग्राहक आयोगापुढच्या तक्रारीलाही लागू केला होता.

पण याच कायद्यात एक खाच आहे, आणि गुरुजी तिथे अडकले. माल देताना तुम्ही जास्त जोखमीचा दर कबूल केला नसेल, तर नियमाप्रमाणे कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपुरती राहते, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त नाही. भाडे सातशे, म्हणजे मर्यादा सात हजार. मिरजेच्या कारागिराने दुरुस्तीचा अंदाज लिहून दिला अकरा हजार पाचशेचा. म्हणजे साडेचार हजार गुरुजींच्या खिशातून. त्या कंपनीच्या दरपत्रकात जास्त जोखमीचा दर होता किमतीच्या शेकडा दोन. अठ्ठावीस हजारांवर पाचशे साठ रुपये झाले असते. असा वाढीव दर घ्यायचा, तर कंपनीने तो इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत कचेरीत लावलेला असावा, असे कायदा सांगतो. तेव्हा भिंतीवरची मराठी पाटी वाचावी. दिसली नाही, तर विचारावी.

कुरिअरच्या पावतीमागची बारीक अक्षरेही सही करण्यापूर्वी वाचावीत. परदेशी पाठवलेल्या एका पाकिटाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावर शंभर डॉलरची मर्यादा छापलेली असेल, तर ती त्याला बांधते. नुकसान जास्त होते, तरी मिळाले तेवढेच.

गुरुजींना कंपनीने तोंडी पाचशे रुपये देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. दावा करण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. माल मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे, हे ध्यानात ठेवा. ३ मेची नोंद, म्हणून शेवटचा दिवस ३० ऑक्टोबर. कंपनी 'वर कळवलंय, बघतो' असे म्हणत राहते आणि दिवस सरतात. गुरुजींनी जूनमध्येच नोटीस पाठवली, स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. एक प्रत मुख्य कचेरीला, दुसरी धाराशिवच्या शाखेला.

नोटिशीत त्यांनी रडगाणे गायले नाही. पावतीचा क्रमांक, तारीख, भाडे, काय तुटले, केव्हा पाहिले, किती रुपये हवेत आणि किती दिवसांत, एवढेच लिहिले. सोबत मालपावतीची प्रत, मिरजेतील खरेदीचे बिल, शेरा लिहिलेल्या पोच-कागदाचे छायाचित्र, बांधणीची व तड्याची छायाचित्रे, कारागिराचा सही-शिक्क्याचा अंदाज आणि कंपनीशी झालेला मोबाइलवरचा लेखी संवाद जोडला. मूळ कागद स्वतःपाशी ठेवले. छायाचित्रे ज्या मोबाइलवर काढली, तो बदलला नाही. अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ यंत्र हाताशी असले की ते सोपे जाते.

महिन्याभरात कंपनीने सात हजार दिले. उत्तर आले नसते, तर गुरुजी धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेले असते. २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मिरजेला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. दुकानदाराने विक्रीसाठी मागवलेल्या मालाबाबत मात्र 'हा व्यापारी हेतू आहे' अशी हरकत येते. त्याने दिवाणी न्यायालयाचा मार्ग वकिलाला विचारून पाहावा.

तंबोरा दुरुस्त होऊन आला. या खेपेला गुरुजींनी तो स्वतः मांडीवर घेऊन आणला.